आकार तोच, अक्षर वेगळे

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी एकदा तास संपल्यावर वही घेऊन टेबलाशी आली. वहीत तिने दोन औषधांचे रेणू शेजारी शेजारी काढले होते. एक टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना ही गोळी पाच पाच, कधी दहा दहा वर्षे रोज घ्यावी लागते. दुसरे क्लोमिफीन. मूल होण्यात अडचण असलेल्या स्त्रियांना स्त्रीबीज सुटावे म्हणून डॉक्टर ते पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात. "मॅडम, दोन्ही औषधं इस्ट्रोजेनची वाट अडवतात. दोन्हींचा सांगाडा सारखाच आहे. मग टॅमॉक्सिफेनमध्ये Z रूप कामाचं आणि क्लोमिफीनमध्ये E रूप, असं उलटं कसं? E आणि Z तर एकमेकांच्या विरुद्ध ना?"

तिने काढलेल्या दोन्ही आकृत्या बरोबर होत्या, दोन्हींखाली लिहिलेली अक्षरेही बरोबर होती. दोन्ही आकृत्यांमध्ये वलये अगदी एकाच जागी होती. अक्षरे तेवढी वेगळी. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर E आणि Z कुठून येतात इथपासून सुरुवात करावी लागते. आणि एकदा ते नीट कळले की ही अक्षरे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, दोन्ही उलगडते.

दोन कार्बन एकेरी बंधाने जोडलेले असतील तर ते त्या बंधाभोवती गिरकी घेऊ शकतात. नेहमीच्या तापमानाला ही गिरकी सतत चालू असते, कारण तिला फार थोडी ऊर्जा पुरते. इथेनमध्ये ती मोलमागे सुमारे 12 किलोजूल आहे. अल्कीन म्हणजे ज्यात दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहे असे संयुग. तिथे गिरकी घ्यायची तर दोन बंधांपैकी एक आधी मोडावा लागतो. साध्या अल्कीनमध्ये त्यासाठी मोलमागे 250 किलोजूलहून जास्त ऊर्जा लागते. म्हणून दुहेरी बंधाच्या दोन टोकांना जे गट जिथे बसले, ते तिथेच राहतात. दुहेरी बंध आडवा काढला की चार जागा मिळतात: डावीकडे वर आणि खाली, उजवीकडे वर आणि खाली. कोणता गट कोणत्या जागेवर आहे यावरून दोन वेगळे पदार्थ तयार होतात. त्यांची सूत्रे सारखी, पण गुण वेगळे. यांना भौमितिक समघटक म्हणतात.

अकरावीच्या पुस्तकातले 2-ब्युटीन घ्या. दोन्ही कार्बनांवर एक एक मिथिल गट आणि एक एक हायड्रोजन. दोन्ही मिथिल वर असतील तर ते सिस, म्हणजे एकाच बाजूला. एक वर आणि एक खाली असेल तर ट्रान्स, म्हणजे पलीकडे. दोन्ही शब्द लॅटिनमधले. सिस-2-ब्युटीन 3.7 अंश सेल्सिअसला उकळते, ट्रान्स 0.9 अंशाला. फरक लहान आहे, पण पदार्थ दोन आहेत हे त्यातून कळते. ट्रान्स फॅट हा शब्द आता खाद्यतेलाच्या डब्यांवरही वाचायला मिळतो आणि तिथे तो अगदी योग्य आहे, कारण त्या स्निग्धाम्लांत दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनावर एक साखळी आणि एक हायड्रोजन असतो. दोन साखळ्या एका बाजूला की विरुद्ध बाजूंना, एवढेच पाहायचे असते. त्यात कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ चारही गट वेगळे झाले की सुरू होतो. CHF=CBrCl हा रेणू पाहा. एका कार्बनावर फ्लोरीन आणि हायड्रोजन, दुसऱ्यावर ब्रोमीन आणि क्लोरीन. यातले सिस कोणते? फ्लोरीन आणि क्लोरीन एका बाजूला असतील तर फ्लोरीन आणि ब्रोमीन विरुद्ध बाजूंना येतात. एकाच रेणूला एक जण सिस म्हणेल, दुसरा ट्रान्स, आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. सिस आणि ट्रान्स या शब्दांना तुलनेसाठी दोन्ही टोकांना सारखा गट लागतो, आणि इथे तसा गटच नाही.

हा पेच सोडवायला नवी रसायने शोधावी लागली नाहीत. प्रत्येक कार्बनावरच्या दोन गटांपैकी मोठा कोणता हे ठरवायचा सगळ्यांना मान्य असा एक नियम तेवढा हवा होता, आणि तो तयारही होता. रॉबर्ट कान, क्रिस्टोफर इन्गोल्ड आणि व्लादिमीर प्रेलॉग या तिघांनी डाव्या-उजव्या रेणूंना नावे देण्यासाठी 1950 आणि 1960 च्या दशकांत क्रमांक लावण्याची एक पद्धत बांधली होती. 1968 मध्ये केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तीच पद्धत दुहेरी बंधाला लावावी असे सुचवले. जगभरच्या संशोधनाची अनुक्रमणिका करणाऱ्या या संस्थेला प्रत्येक पदार्थाचे नाव एकच, अचूक असे हवे होते. दोन्ही कार्बनांवरचे मोठे गट एकाच बाजूला आले तर Z, विरुद्ध बाजूंना आले तर E. ही अक्षरे जर्मन शब्दांची आहेत. झुझामेन म्हणजे एकत्र, एन्टगेगेन म्हणजे समोरासमोर, विरुद्ध.

माझ्या वर्गात मुलांना मी मराठीतली खूण देते. Z चा उच्चार 'जवळ'मधल्या ज च्या अगदी जवळ जातो, म्हणून Z म्हणजे जवळ. आणि E म्हणजे इकडे एक, तिकडे एक. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. Z या अक्षराच्या आकाराकडे पाहू नका. त्याच्या दोन टोकांच्या रेघा विरुद्ध दिशांना जातात, आणि दरवर्षी दोन-चार मुले त्यामुळेच Z ला विरुद्ध समजून बसतात.

आता मोठा गट म्हणजे काय? आकाराने मोठा नव्हे, वजनाने जड नव्हे, औषधाच्या कामात महत्त्वाचा तर अजिबात नव्हे. कार्बनाला थेट चिकटलेला अणू पाहायचा, आणि ज्याचा अणुअंक जास्त तो मोठा. ब्रोमीनचा 35, क्लोरीनचा 17, फ्लोरीनचा 9, ऑक्सिजनचा 8, नायट्रोजनचा 7, कार्बनचा 6, हायड्रोजनचा 1. मघाच्या CHF=CBrCl मध्ये एका बाजूला फ्लोरीन हायड्रोजनला हरवतो, दुसऱ्या बाजूला ब्रोमीन क्लोरीनला. फ्लोरीन आणि ब्रोमीन एकाच बाजूला असतील तर Z, नसतील तर E. वाद मिटला.

पण सेंद्रिय रेणूंमध्ये बहुतेक वेळा दोन्ही गटांचा पहिला अणू कार्बनच असतो. तेव्हा त्या कार्बनाला पुढे काय काय जोडलेले आहे ते पाहायचे. पुढचे तीन अणू मोठ्यापासून लहानाकडे लिहायचे आणि दोन याद्या एकेक करून ताडायच्या. मिथिल गटाची यादी (H, H, H). इथिल गटाची (C, H, H). पहिल्याच जागी C आणि H यांची गाठ पडली, इथिल जिंकला.

विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात. CH2Cl आणि C(CH3)3 या दोन गटांत मोठा कोणता? बहुतेक हात दुसऱ्या गटासाठी वर होतात. त्यात चार कार्बन आहेत, नऊ हायड्रोजन आहेत, आणि तो खरोखरच जड आहे: वजन 57, तर CH2Cl चे साधारण 49. पण याद्या लिहिल्या की पहिल्याची (Cl, H, H) येते, दुसऱ्याची (C, C, C). पहिल्याच जागेवर क्लोरीन विरुद्ध कार्बन. क्लोरीन जिंकला, निकाल लागला. मागे कितीही कार्बन उभे असोत, त्यांना बोलायची पाळीच येत नाही. शब्दकोशात शब्द लावताना आपण हेच करतो. 'कप' आणि 'कळवळा' यांत कोण आधी हे ठरवताना शब्दाची लांबी कुणी मोजत नाही. पहिले अक्षर सारखे, दुसऱ्या अक्षराला फरक पडला, तिथे काम संपले. इथेही पहिला फरक जिथे पडेल तिथे थांबायचे. पुढचे वाचायचेच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली की टॅमॉक्सिफेन सोडवता येईल. गटात दुहेरी बंध असेल तर त्याच्या प्रत्येक टोकाला समोरचा अणू दोनदा मोजायचा. बेंझीनच्या वलयातला, बाहेरच्या साखळीला जोडलेला कार्बन घ्या. त्याला वलयातले दोन कार्बन शेजारी आहेत, आणि त्यांपैकी एकाशी दुहेरी बंध आहे. म्हणून तो कार्बन दोनदा धरायचा. यादी होते (C, C, C). याच नियमामुळे बेंझीनचे वलय, म्हणजे फिनिल गट, साध्या इथिल गटापेक्षा मोठा ठरतो. त्याच्या (C, C, C) समोर इथिलची यादी (C, H, H). पहिल्या जागी बरोबरी, दुसऱ्या जागी कार्बनने हायड्रोजनला हरवले.

आता त्या विद्यार्थिनीची वही उघडू. टॅमॉक्सिफेनमध्ये एक दुहेरी बंध आहे आणि त्याच्या चारही जागा भरलेल्या आहेत, हायड्रोजन एकही नाही. डाव्या कार्बनावर वर एक बेंझीनचे वलय आहे, आणि त्या वलयाच्या पलीकडच्या टोकाला शेपटी आहे: OCH2CH2N(CH3)2. डावीकडे खाली साधे फिनिल वलय. उजव्या कार्बनावर वर साधे फिनिल वलय, खाली इथिल गट. कामाच्या टॅमॉक्सिफेनची मांडणी हीच.

उजवीकडचा सामना आपण आत्ताच सोडवला. फिनिल इथिलपेक्षा मोठा, म्हणजे उजवीकडे वरचा गट जिंकला. डावीकडे दोन्ही वलयेच आहेत, त्यामुळे तिथे जरा लांब चालत जावे लागते. दोन्ही वलयांचा पहिला कार्बन (C, C, C), बरोबरी. त्याच्या शेजारचे दोन कार्बन दोन्ही वलयांत (C, C, H), पुन्हा बरोबरी. त्यापुढचे दोन, म्हणजे मेटा जागेवरचे, पुन्हा (C, C, H). शेवटी पॅरा जागा, वलयाचे पलीकडचे टोक. साध्या वलयात तिथला कार्बन (C, C, H) आहे, शेपटीवाल्या वलयात (O, C, C). ऑक्सिजन आला आणि शेपटीवाले वलय जिंकले. डावीकडे वरचा गट मोठा, उजवीकडेही वरचाच. दोघे एकाच बाजूला, म्हणून Z.

जुन्या लेखनात याच रेणूला ट्रान्स टॅमॉक्सिफेन म्हटलेले आढळते. हा रेणू इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला. तेव्हा E आणि Z ही अक्षरे दुहेरी बंधासाठी अजून आलीच नव्हती. दोन साध्या फिनिल वलयांकडे पाहिले तर ट्रान्स हे नाव जुळते: एक डावीकडे खाली, दुसरे उजवीकडे वर. पण शेपटीवाले वलय आणि उजवीकडचे फिनिल अशी जोडी धरली तर तेच सिस दिसते. 1966 मध्ये आयसीआयमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की या दोन समघटकांचे गुण उंदरांच्या जातीच्या मोठ्या प्राण्यांत, रॅटमध्ये, एकमेकांच्या उलट आहेत. ट्रान्स म्हटलेला समघटक इस्ट्रोजेनला अडवतो, सिस म्हटलेला स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागतो. कर्करोगावरच्या औषधात कोणता हवा हे यावरून स्पष्ट आहे. म्हणूनच औषधांच्या मानक ग्रंथांत टॅमॉक्सिफेनमधल्या E समघटकाच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातलेली असते.

आता क्लोमिफीन. दुहेरी बंध तोच. शेपटीवाले वलय डावीकडे वर, फिनिल डावीकडे खाली, फिनिल उजवीकडे वर. शेपटीच्या टोकाला दोन मिथिलऐवजी दोन इथिल गट आहेत, पण आपल्या गणितात त्याने काही बदलत नाही. खरा बदल उजवीकडे खाली आहे. टॅमॉक्सिफेनमध्ये इथिल होता, त्याच जागी इथे क्लोरीन आहे.

डावीकडचा सामना जसाच्या तसा, शेपटीवाले वलय जिंकते. उजवीकडे मात्र पहिल्याच पायरीला निकाल लागतो. दुहेरी बंधाच्या कार्बनाला थेट चिकटलेले अणू पाहा: वर फिनिलचा कार्बन, अणुअंक 6, खाली क्लोरीन, अणुअंक 17. क्लोरीन जिंकला. डावीकडे वरचा मोठा, उजवीकडे खालचा मोठा. विरुद्ध बाजू, म्हणून E.

वलये जागची हलली नाहीत. शेपटी जिथे होती तिथेच आहे. रेणू प्रथिनात ज्या खाचेत बसतो तिथे त्याची तीन वलये आधीसारखीच बसतात. फक्त उजवीकडचा विजेता बदलला, म्हणून अक्षर बदलले. तिच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच. E आणि Z एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे एका रेणूच्या दोन रूपांपुरते खरे. दोन वेगळ्या रेणूंची अक्षरे एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण दोन्ही ठिकाणी सामना वेगवेगळ्या गटांत झालेला असतो.

बाजारात मिळणारे क्लोमिफीन हे दोन्ही समघटकांचे मिश्रण असते. त्यात E रूप सुमारे 62 टक्के आणि Z रूप सुमारे 38 टक्के असते. E रूपाचे नाव एन्क्लोमिफीन, Z रूपाचे झुक्लोमिफीन. नावांतच एन्टगेगेन आणि झुझामेन यांची सुरुवात आहे. इस्ट्रोजेनला अडवण्याचे काम मुख्यतः एन्क्लोमिफीन करते. झुक्लोमिफीन थोडेसे इस्ट्रोजेनसारखे वागते आणि शरीरात बराच काळ रेंगाळते, महिन्याहून अधिक काळ त्याचा अंश सापडू शकतो. दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच आहे, तरी शरीर त्यांना वेगळे ओळखते.

क्लोमिफीनच्या इतिहासात अडचणीचा एक अध्याय आहे. सुरुवातीच्या लेखनात याच्या दोन समघटकांवर लावलेली सिस आणि ट्रान्सची नावे उलटी पडली होती. जे रूप सिस समजून तपासले गेले ते प्रत्यक्षात ट्रान्स होते, आणि ट्रान्स समजलेले सिस. 1976 मध्ये 'जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रणाचा आधार घेऊन ही दुरुस्ती केली. तोवर रचना आणि परिणाम यांच्यावर लिहिले गेलेले पुष्कळसे पुन्हा तपासून पाहावे लागले. त्यामुळे 1976 पूर्वीचा क्लोमिफीनवरचा निबंध वाचताना सिस आणि ट्रान्स हे शब्द जसेच्या तसे घेऊ नयेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. आकृती पाहा, नसेल तर रूपाचे गुण पाहा, आणि मग ठरवा.

इतकी मोठी चूक होऊ कशी शकते, असे वाटेल. साध्या अल्कीनमध्ये रूप ओळखायला एनएमआर यंत्र पुरते. दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर एक एक हायड्रोजन असेल तर ते एकमेकांच्या संकेतांचे तुकडे पाडतात. तुकड्यांमधले अंतर ट्रान्स असेल तर साधारण 12 ते 18 हर्ट्झ, सिस असेल तर 6 ते 12 च्या आसपास. मोजले की कळते. पण टॅमॉक्सिफेन आणि क्लोमिफीनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन एकही नाही. ही खूणच तिथे मिळत नाही. मग वलयांवरच्या हायड्रोजनांची एकमेकांशी जवळीक तपासावी लागते, किंवा स्फटिक वाढवून त्यावर क्ष-किरण टाकावे लागतात. नियम अक्षर लावून देतो, पण कोणता गट कुठे आहे हे आधी मोजूनच कळायला हवे. रचना चुकीची समजली असेल तर निर्दोष नियम लावूनही चुकीचेच अक्षर मिळते.

आता या नियमाची परीक्षा घेणारा आणखी एक रेणू पाहू, कारण त्यात डावीकडचा विजेता बदलतो. ड्रोलॉक्सिफीन हे टॅमॉक्सिफेनचेच भावंड आहे. कर्करोगावरचे औषध म्हणून त्याचा अभ्यास झाला होता. फरक एवढाच की डावीकडे खालच्या साध्या वलयाच्या मेटा जागेवर एक OH गट आहे. बाकी सगळे टॅमॉक्सिफेनसारखे, उजवीकडेही तेच फिनिल आणि तेच इथिल. विद्यार्थी पटकन म्हणतात की वर ऑक्सिजनला जोडून लांबलचक शेपटी आहे, खाली ऑक्सिजनला फक्त एक हायड्रोजन आहे, म्हणजे वरचा गट मोठा आणि हा रेणूसुद्धा Z. चालत जाऊन पाहू. पहिला कार्बन, बरोबरी. शेजारचे दोन, बरोबरी. मग मेटा जागा. वरच्या वलयात मेटाचे दोन्ही कार्बन (C, C, H), पण खालच्या वलयातला एक (O, C, C). फरक पडला. खालचे वलय जिंकले, आणि आपण तिथेच थांबलो. वरच्या वलयातला ऑक्सिजन पॅरा जागेवर आहे, म्हणजे एक पाऊल पुढे. तिथवर आपण पोचलोच नाही. त्याच्या मागची सगळी शेपटी, तिच्या टोकाचा नायट्रोजन, काहीच मोजले गेले नाही.

डावीकडे खालचा मोठा, उजवीकडे वरचा मोठा. ड्रोलॉक्सिफीन E आहे, आणि त्याची मांडणी मात्र Z टॅमॉक्सिफेनचीच आहे.

तोच OH मेटाऐवजी पॅरा जागेवर नेला तर? असा रेणू शरीरात खरोखर तयार होतो. यकृत टॅमॉक्सिफेनपासून 4-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन बनवते, आणि ते मूळ औषधापेक्षा इस्ट्रोजेनच्या ग्राहीला कितीतरी घट्ट चिकटते. आता दोन्ही वलयांत ऑक्सिजन पॅरालाच आहे. पॅरा कार्बनाशी दोन्हीकडे (O, C, C), बरोबरी. म्हणून एक पाऊल आणखी पुढे, त्या ऑक्सिजनावर. एकीकडे त्याला हायड्रोजन जोडलेला, दुसरीकडे कार्बन. कार्बन जिंकतो, शेपटीवाले वलय पुन्हा मोठे, आणि रेणू पुन्हा Z. या 4-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेनबाबत प्रयोगशाळेत एक काळजी घ्यावी लागते. त्याची Z आणि E रूपे एकमेकांत बदलतात, साध्या अल्कीनपेक्षा पुष्कळ सहज. पॅरा जागेवरचा तो OH वलयातून इलेक्ट्रॉन दुहेरी बंधाकडे ढकलतो, बंधाचा दुहेरीपणा कमी होतो आणि गिरकीला वाट मिळते. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला 250 किलोजूलचा अडसर साध्या अल्कीनसाठी होता. सगळ्या रेणूंना तो तितकाच उंच नसतो. म्हणून या पदार्थावर काम करणारे संशोधक द्रावण अंधारात, थंड ठेवतात आणि वापरण्यापूर्वी त्यात किती Z उरले आहे ते तपासून घेतात.

त्या विद्यार्थिनीने हे सगळे वहीत उतरवून घेतले आणि मग तिने स्वतःच टोरेमिफीनचे नाव काढले. तेही स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. टॅमॉक्सिफेनच्या इथिल गटाच्या टोकाला त्यात एक क्लोरीन आहे, म्हणजे उजवीकडे खाली CH2CH2Cl. "यातही क्लोरीन आहे, म्हणजे क्लोमिफीनसारखंच E?" तिला म्हटले, आधी याद्या लिही. तिने लिहिल्या. उजवीकडे वर फिनिल, (C, C, C). खाली CH2CH2Cl, पण त्याचा पहिला कार्बन (C, H, H). फरक दुसऱ्या जागेवरच पडला, फिनिल जिंकले. क्लोरीन एक कार्बन पलीकडे होता, आणि तिथवर जायची गरज उरली नाही. टोरेमिफीन Z.

"आणि समजा एक कार्बन कमी असता तर? नुसतं CH2Cl?" तिने पुन्हा यादी लिहिली, (Cl, H, H), आणि मला विचारायच्या आधीच पेन्सिलने पुढे E लिहून टाकले.